नर्गिसी कोफ्ता फुटतो तो बेसन कमी पडल्यामुळे नाही

फिरत असलेला सल्ला असा : «अंड्यावरचा खिमा तळताना फुटू नये म्हणून धुतलेल्या खिम्यात वाटीभर बेसन आणि दोन कच्ची अंडी घाला, उकडलेलं अंडं गरम असतानाच गुंडाळा, थर चांगला जाड द्या आणि तेल धूर निघेपर्यंत तापवा. वरून लगेच सील होतं, कधीच फुटत नाही.»

आधी फुटतं का, ते पाहू. कच्चा खिमा तापला की आकसतो आणि पाणी सोडतो. आतलं अंडं आधीच शिजलेलं असतं, ते आकसत नाही. आवरण आवळत जातं आणि आतला गोळा होता तेवढाच राहतो. त्यात अंडं आणि खिमा यांच्या मधे पाणी किंवा हवा अडकली असेल, तर तीही गरम होऊन आतून ढकलते. मग जिथे आवरण कमजोर असेल तिथे चीर पडते. म्हणजे लढाई पाण्याशी आणि आकसण्याशी आहे, आणि वरचा सल्ला नेमक्या या दोन्ही गोष्टी वाढवतो.

पहिली गडबड खिमा धुण्यापासूनच आहे. दळलेला खिमा धुतला की चाळणीत कितीही निथळत ठेवा, पाणी त्यात धरून राहतं.  धुवायचं असेल तर अख्खं मटण धुवा, कोरडं पुसा आणि मग दळा. नागपूरच्या मोमिनपुऱ्यातून आणत असाल तर खाटकाला खांद्याचं, थोडी चरबी असलेलं मटण दोनदा मशीनमधून काढायला सांगा. एकदाच काढलेल्या जाड खिम्यात रेषा राहतात आणि चीर तिथूनच सुरू होते.

बेसन आणि कच्ची अंडी हा सल्ला बहुधा दुसऱ्याच पाककृतीतून उचललेला आहे. शामी कबाबासारखा, चणा डाळ घालून शिजवलेला आणि वाटलेला खिमा अंड्यावर लावतात, तेव्हा डाळच सगळं धरून ठेवते आणि वरून फेटलेल्या अंड्याचा हात कामाला येतो. तो खिमा आधीच शिजलेला असतो, त्यामुळे कढईत फारसा आकसत नाही. कच्च्या खिम्याचं तसं नाही. त्यात दोन कच्ची अंडी गेली की मिश्रण सैल होतं, सैल झालं म्हणून आणखी बेसन पडतं, आणि शेवटी वरचा थर भज्यासारखा कोरडा होऊन तडकतो. आत कच्च्या बेसनाची चव राहते ती वेगळीच.

कच्च्या खिम्याला धरून ठेवतं ते मीठ आणि मळणं. ४०० ग्रॅम खिम्याला एक सपाट चहाचा चमचा मीठ घाला आणि बाकी काहीही घालण्याआधी ४-५ मिनिटं कणकेसारखा मळा. रंग किंचित फिका पडतो, मिश्रण बोटांना ओढ देतं. मूठभर खिमा तळहातावर दाबून हात उलटा करा. गोळा पडला नाही तर झालं, पडला तर आणखी मळा. मग आलं-लसूण, तिखट, गरम मसाला, बारीक चिरलेला सांबार म्हणजे कोथिंबीर आणि भाजलेल्या डाळव्याचं पीठ फक्त दोन मोठे चमचे. कांदा घालायचाच असेल तर किसून, फडक्यात घट्ट पिळून. सावजी चव हवी असेल तर मसाला कोरडा कुटून घाला. खोबरं-खसखशीचं ओलं वाटण रश्श्यासाठी ठेवा, खिम्यात ते पाणीच आणतं.

गरम अंड्याचा सल्ला सगळ्यांत महागात पडतो. सोललेलं गरम अंडं वाफ सोडत असतं. ती खिम्याखाली ओल होऊन बसते, आणि लगतची चरबी मऊ होऊन खिमा घसरतो. अंडी उकळत्या पाण्यात ९-१० मिनिटं उकडा, लगेच गार पाण्यात टाका, पूर्ण गार झाल्यावर सोला आणि कापडाने टिपा. पांढरं फाटलेलं अंडं बाजूला काढा, त्याच्या खळग्यात हवा अडकते. आठवडाभर जुनी अंडी ताज्यापेक्षा गुळगुळीत सुटतात. आता अंडं कोरड्या मैद्यात घोळवून झटका. मैदा दिसेल न दिसेल इतकाच हवा. तो ओल शोषतो आणि खिम्याला पकड देतो. जाड बसला तर त्याचाच वेगळा पापुद्रा होतो आणि खिमा टोपीसारखा अख्खा निघून येतो. अंडा करीसाठी देतो तशा चिरा इथे देऊ नका, त्यांचा इथे उपयोग नाही.

थराचा हिशेब सहा अंड्यांसाठी सांगतो. वरचं मिश्रण साधारण साडेचारशे ग्रॅम भरतं, म्हणजे एका अंड्याला ७५ ग्रॅम. प्लास्टिकच्या कागदावर १२ सेंटीमीटरची गोल चकती थापा, मधे अंडं ठेवा, कागदासकट उचलून कडा जुळवा. ओल्या हाताने अंड्याच्या पोटाकडून जोडाकडे दाबत न्या, म्हणजे हवा बाहेर पडते. सगळीकडे थर ६-७ मिलिमीटरच असावा. जाड थर जास्त आकसतो, आणि आतपर्यंत शिजेतो बाहेरचा भाग करपतो. मग झाकून अर्धा तास फ्रीजमध्ये. नागपूरच्या मे महिन्यात ही पायरी गाळूच नका, स्वयंपाकघरातल्या उकाड्याने खिम्यातली चरबी कढईत जाण्याआधीच मऊ पडते.

आता तेल. «सील होतं» ही समजूत एका नजरेत खोटी ठरते : तळताना जे बुडबुडे दिसतात ते खिम्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असल्याचेच असतात, आणि ते शेवटपर्यंत येत राहतात. धुरावलेल्या तेलात बाहेरचं कवच मिनिटभरात कडक होतं, आतला खिमा मात्र नंतर आकसतो आणि वाफ सोडतो. कडक कवच ताणलं जात नाही, फाटतं. तेल १६० ते १६५ अंशांवर ठेवा. थर्मामीटर नसेल तर खिम्याचा हरभऱ्याएवढा तुकडा टाका : तो तळाशी जाऊन ३-४ सेकंदांनी हळूहळू वर यायला हवा. टाकताक्षणी वर येऊन लाल झाला तर आच कमी करा. तळाशीच बसून राहिला तर तेल थंड आहे, त्यात कोफ्ता कढईला चिकटून आवरण सोलवटतं. आणि हो, सावजीच्या नावाखाली कच्च्या जवसाच्या तेलात तळू नका, त्याचा धूर फार लवकर निघतो.

एका वेळी दोन-तीनच कोफ्ते, बुडतील एवढ्या तेलात, जोड खाली करून सोडा. पहिली दोन मिनिटं झारा लावू नका, नुसतं वरून तेल सोडत राहा. एकूण ७-८ मिनिटं लागतात.

फुटलाच तर चीर वाचा. एका सरळ रेषेत असेल तर जोड नीट दाबला गेला नव्हता. अंड्याच्या जाड टोकावर असेल तर तिथे थर पातळ होता. खिमा चुऱ्यासारखा झडला तर मळणं कमी पडलं. आणि कोफ्ता कढईत शाबूत असून कापतानाच आवरण सुटलं, तर तळणीचा दोष नाही : १० मिनिटं थांबा आणि ओल्या धारदार सुरीने, न दाबता कापा. रश्श्यात घालायचे असतील तर अर्धे करून वाढायच्या वेळीच ठेवा, उकळत्या रश्श्यात शिजत ठेवू नका.