वाढदिवसाचं बिल

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीबाईंचा स्वभाव मुळातच प्रेमळ. प्रत्येक सभासदाला वाढदिवसाला सोसायटीतर्फे शुभेच्छा जाव्यात असं त्यांच्या मनात आलं. त्यासाठी सभासदांच्या यादीत नावाच्या शेजारी एक रकाना वाढवून त्यांनी सगळ्यांच्या जन्मतारखा भरल्या. यात वाईट काय? काहीच नाही. फक्त महिन्याची देखभालीची बिलं त्याच यादीवरून निघतात, आणि ती मी काढतो.

२४ फ्लॅट, प्रत्येकाला महिना २,४०० रुपये. हिशोब इतका सोपा, की खजिनदार व्हायला कोणी तयार नव्हतं म्हणून मी झालो. एक्सेलची फाइल आधीच्या खजिनदारांची. ते फ्लॅट विकून गेले, फाइल ठेवून गेले. तीत एक पान Members नावाचं, दुसरं Bill नावाचं. Members मध्ये चार रकाने: फ्लॅट, नाव, देखभाल, थकबाकी. बिलाच्या पानावर फ्लॅट नंबर टाकला की बाकीचं हे सूत्र आणून देई:

```
=VLOOKUP(A2,Members!$A:$D,3,FALSE)
```

म्हणजे A2 मधला फ्लॅट यादीच्या पहिल्या रकान्यात शोध, आणि त्या ओळीतल्या तिसऱ्या रकान्यात जे असेल ते आण. थकबाकीसाठी हेच सूत्र, तीनच्या जागी चार.

बिलं नेहमीप्रमाणे प्रिंट होऊन दाराच्या फटीतून आत सरकली. ३०२ मधले आजोबा बँकेतून निवृत्त झालेले. ते बिल घेऊन थेट घरी आले, चहाही नको म्हणाले.

"अहो खजिनदार, देखभाल एकोणीस हजार अडुसष्ट?"

"छपाईत काहीतरी गडबड असेल, काका."

"गडबड असती तर गोल आकडा आला असता. हा कोणीतरी काळजीपूर्वक काढलेला आकडा दिसतोय."

माणूस बँकेतला, नजर बरोबर होती. आकडा खरंच काळजीपूर्वक काढलेला होता. आजोबांचा जन्म १५ मार्च १९५२ चा. एक्सेल तारीख तारखेच्या रूपात ठेवतच नाही. १ जानेवारी १९०० ला एक धरून ते पुढचे दिवस मोजत जातं, आणि त्या मोजणीत आजोबांच्या जन्मदिवसाचा नंबर लागतो १९,०६८. यादीतल्या रकान्याला तारखेचं रूप दिलेलं होतं म्हणून तिथे तारीख दिसत होती. बिलाच्या रकान्याला रुपयांचं रूप होतं, म्हणून तिथे रुपये दिसले.

या हिशोबाने जो जितका तरुण, त्याचं बिल तितकं जास्त. चौथ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेल्या जोडप्यातला नवरा ४ ऑक्टोबर १९९३ चा, त्याला ३४,२४६ रुपये. ज्येष्ठ नागरिकांना अशी घसघशीत सवलत आमच्या कमिटीने याआधी कधी दिली नव्हती. बिचाऱ्याने वॉट्सअ‍ॅपवर नम्रपणे विचारलं, "यात लिफ्टचं काम धरलंय का?"

हा घोटाळा निदान ओरडून सांगत तरी होता. त्याच बिलावर दुसरा एक गुपचूप बसला होता, आणि मला जास्त राग आला तो त्याचा. नवा रकाना मध्ये शिरल्यामुळे देखभाल तिसऱ्याची चौथी झाली, आणि थकबाकीचं सूत्र चौथा रकाना आणत होतं. परिणामी सगळ्यांच्या नावावर २,४०० रुपये थकबाकी लागली. जन्मात एक हप्ता न चुकवलेल्या आजोबांवरही. आकडा कसा, अगदी शहाण्यासारखा: बरोबर एका महिन्याची रक्कम. यावर कोण शंका घेणार? १०४ चे गृहस्थ तर मुळीच नाही. त्यांची खरी थकबाकी ३८,४०० होती. जन्मतारखेसकट त्यांचं बिल एरवीपेक्षा कमीच आलं, कारण तेही ज्येष्ठांत मोडतात. जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "नव्या कमिटीचा कारभार पारदर्शक आहे हो."

सेक्रेटरीबाईंना फोन केला. "मी तुमच्या बिलाच्या पानाला हातसुद्धा लावलेला नाही," त्या म्हणाल्या. खरंच होतं. त्या पानाला कोणी हात लावला नव्हता, आणि सूत्र मात्र असं दिसत होतं:

```
=VLOOKUP(A2,Members!$A:$E,3,FALSE)
```

D चा E झालेला आहे. मध्ये रकाना घातल्याबरोबर एक्सेलने यादीची हद्द स्वतःहून वाढवली, कारण A ते D हा त्याच्या लेखी पत्ता आहे आणि पत्ते ते सांभाळतं. पण 3 हा पत्ता नाही, नुसता आकडा आहे. तो तीन रकान्यांचा, तीन टक्क्यांचा की तीन महिन्यांचा याच्याशी एक्सेलला देणंघेणं नाही, म्हणून ते त्याला हात लावत नाही. कुरिअरवाल्याला "डावीकडून तिसरं दार" असं सांगून ठेवावं, आणि मधल्या भिंतीत बिल्डरने आणखी एक दार काढावं, तसं हे. पार्सल पोहोचतं, सहीसुद्धा मिळते.

गंमत म्हणजे बाईंनी रकाना वाढवण्याऐवजी एखादा काढून टाकला असता तर बरं झालं असतं. यादी तीनच रकान्यांची उरली असती, चौथा मागणाऱ्या सूत्राने #REF! असं तोंडावर फेकलं असतं, आणि बिलं प्रिंटच झाली नसती. त्या रात्री मला #REF! बद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.

दुरुस्तीला बसलो. आयटीत असलेल्या भाच्याने फोनवरच निकाल दिला: "मामा, XLOOKUP वापर ना." सूत्र खरोखर देखणं आहे:

```
=XLOOKUP(A2,Members!$A:$A,Members!$D:$D)
```

कुठे शोधायचं तो रकाना वेगळा, काय आणायचं तो वेगळा, आणि दोन्ही पत्ते. मध्ये रकाना घातला की D चा E आपोआप होतो. शेवटी FALSE लिहायचीही गरज नाही. न सांगता ते तंतोतंत जुळणारंच शोधतं. माझ्या लॅपटॉपवर छान चाललं. पण बिलं छापायची सोसायटीच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर, आणि तिथे एक्सेल २०१६ चं. XLOOKUP ला लागतं मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा २०२१ चं अथवा त्यानंतरचं एक्सेल. जुन्या एक्सेलमध्ये फाइल उघडली तर आधीची उत्तरं काही वेळ तशीच दिसत राहतात, आणि सूत्र पुन्हा चालवलं की #NAME? येतं. नवीन एक्सेलसाठी कमिटीकडे पैसे मागावेत तर आधी १०४ कडून वसुली हवी.

म्हणून जुन्या जोडीकडे वळलो:

```
=INDEX(Members!$D:$D,MATCH(A2,Members!$A:$A,0))
```

MATCH फ्लॅट कितव्या ओळीत आहे ते सांगतो, INDEX त्या ओळीतला देखभालीचा आकडा उचलतो. फाइलच्या एका प्रतीवर मी वाटेल तिथे रकाने घातले, काढले, पुन्हा घातले. सूत्र दर वेळी देखभालीपाशीच राहिलं. मी खूश होऊन बाईंना कळवलं की आता बिनधास्त रकाने वाढवा.

त्या म्हणाल्या, "नको बाई. तुमच्या फाइलला हात लावला की काहीतरी होतं. मी आपली यादी वेगळ्या फाइलीत ठेवते, तुम्ही तिथून घ्या."

ही सूचना ऐकायला समंजस, पण तीत खरी मेख आहे. पत्ते सांभाळायचं काम एक्सेल करतं ते दोन्ही फाइली एकाच वेळी त्याच्यासमोर उघड्या असतील तर. बाईंनी त्यांच्या घरी, माझी बिलांची फाइल बंद असताना, त्यांच्या यादीत रकाना घातला तर माझ्या सूत्राला ते कळणार कसं? त्यात D लिहिलेला तो D च राहणार. मी पुन्हा प्रतींवर करून पाहिलं. बिलांची फाइल बंद करून यादीत "गाडी नंबर" असा रकाना घातला, बिलं उघडली, दुवे ताजे केले, आणि देखभालीच्या जागी आजोबांच्या स्कूटरचा नंबर आला. INDEX असो की XLOOKUP, दोघांचंही तेच. बाईंनी नवी यादी जुनीवर नुसती पेस्ट केली तरीही तेच. त्याला एक्सेल रकाना घालणं समजतच नाही.

अशा वेळी रकान्याला त्याच्या नावाने हाक मारणं एवढाच उपाय उरतो. शेवटी हे लिहिलं (वाचायला सोपं जावं म्हणून फाइलचं नाव गाळलं आहे):

```
=INDEX(Members!$A:$Z,
  MATCH($A2,Members!$A:$A,0),
  MATCH("देखभाल",Members!$A$1:$Z$1,0))
```

पहिला MATCH ओळ शोधतो. दुसरा शीर्षकाच्या ओळीत "देखभाल" हा शब्द कुठे आहे ते शोधतो. रकाना कुठेही जावो, A ते Z मध्ये असला म्हणजे झालं. Z पर्यंत मुद्दाम घेतलं, कारण बाईंचा उत्साह. फ्लॅटचा रकाना तेवढा पहिलाच राहू द्या, असं त्यांना सांगून ठेवलं.

याचीही एक अडचण आहे. बाईंनी "देखभाल" चं "देखभाल शुल्क" केलं, किंवा शब्दामागे चुकून एक स्पेस राहिली, की सगळीकडे #N/A. मला ते चालतं. चोवीसच्या चोवीस बिलांवर #N/A आलं तर ती कोणी दारात सरकवणार नाही. आधीच्या खजिनदारांना मात्र असले डाग आवडत नसत, म्हणून त्यांनी काही सूत्रांना बाहेरून IFERROR लावून चुकीच्या जागी शून्य येईल अशी सोय केली होती. ती मी आधी काढून टाकली. Ctrl+F मध्ये VLOOKUP टाकून, एका पानाऐवजी पूर्ण वर्कबुकमध्ये शोधलं, तर पार्किंगच्या आणि हॉलच्या भाड्याच्या पानांवरही तेच तीन-चार आकडे निघाले.

आणखी एक सोय केली. बिलांच्या पानाच्या माथ्यावर देखभालीची बेरीज, आणि शेजारी सूत्र न लावता हाताने लिहिलेले ५७,६००. दोन्ही जुळले नाहीत तर लाल. जन्मतारखांची बेरीज केली असती तर ती लाखांत गेली असती आणि मी प्रिंटरपर्यंत पोहोचलोच नसतो. थकबाकीची बेरीजही तिथेच खाली ठेवली आहे. ती कधी नेमकी देखभालीइतकीच आली तर १०४ चे गृहस्थ खुशीत असणार, हे मला आता जिन्यात न भेटताच कळेल.

सुधारित बिलं वाटली. १०४ मधून लेखी अर्ज आला, की एकदा दिलेलं बिल अंतिम मानावं. अर्ज पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर आहे.

सेक्रेटरीबाईंनी परवा विचारलं, "रक्तगटाचा रकाना घालायचाय. कुठे घातला तर तुमचं काही बिघडणार नाही?"

"सगळ्यात शेवटी, उजवीकडे घाला. तिथे घातला तर जुन्या VLOOKUP चंही काही बिघडत नाही."

"शेवटी?" त्या जरा थांबल्या. "पण तो नावाच्या शेजारी जास्त शोभेल."