बिल्डिंग बघायला कशाला जायचं, फोटो आहेत की

सांगलीत भाड्यानं फ्लॅट शोधताय ना, मग एक पथ्य पाळा, बिल्डिंग बघायला अजिबात जाऊ नका. एकतर ऊन मरणाचं, रिक्षावाला परत येताना दुप्पट मागणार, आणि तिथं गेलं की खाली कोणतरी भेटतंच, ते काहीतरी बोलतं आणि इतका जमत आलेला व्यवहार फिसकटतो. फोटो दहा आहेत, पत्ता पूर्ण लिहिलाय, मॅपवर पिन आहे, अजून काय पाहिजे माणसाला?

आता हेच बघा. जतकडचा आमच्या ओळखीतला एक पोरगा, मिरजेत नोकरी लागलीय, त्यानं मला जाहिरात पाठवली, "काका जरा नजर टाका, संध्याकाळपर्यंत टोकन टाकायचंय, नाहीतर दुसरी पार्टी तयार आहे म्हणतायत." विश्रामबाग, शंभर फुटी रोडच्या आत, अपार्टमेंटचं नाव, फ्लॅट नंबर 502, टू बीएचके, सोफा, एसी, वॉशिंग मशीन, सगळं सगळं, आणि भाडं 6500. एवढ्या पैशात आमच्याकडचा मालक रिकाम्या खोल्या दाखवतो आणि वर विचारतो, नॉनव्हेज खाता का. पण तुम्ही असला संशय घेऊ नका, देव आहे जगात.

पहिला फोटो बिल्डिंगचा, बाहेरून. एकदम खरा. नावाची पाटी वाचता येते, पिवळसर रंग, खाली इस्त्रीचं टपरीवजा दुकान, मॅप उघडला तर तिथंही सेम फोटो, कारण तिथूनच उचललेला. पुढचे सगळे फोटो आतले, हॉल, किचन, बेडरूम, गॅलरी. तेही खरे, कुणाच्या तरी खऱ्या घराचे. पत्ता तर शंभर टक्के खरा. म्हणजे या धंद्यातली खुबी अशी आहे की वेगवेगळं तपासलं तर एकही गोष्ट खोटी निघत नाही, फक्त त्या एकमेकांच्या नसतात. त्यामुळे तुम्ही प्रत्येक गोष्ट वेगवेगळीच तपासा. पत्ता मॅपवर सापडला, शाब्बास. फोटो सुंदर आहे, शाब्बास. ह्या हॉलची ती खिडकी ह्या बिल्डिंगला बाहेरून कुठं दिसते, असला वाकडा प्रश्न डोक्यात येऊ द्यायचा नाही.

आमच्या डोक्यात आला, नाइलाज आहे. हॉलच्या फोटोत खिडकीतून मागं डोंगर दिसत होता. चांगला हिरवागार, जवळचा. आता विश्रामबागेत ज्यानं चार दिवस काढलेत त्याला विचारा, डोंगर कुठाय? सपाट गाव आपलं, डोंगर बघायचा तर दंडोब्याला गाडी काढून जावं लागतं. साताऱ्याची जाहिरात असती तर एकवेळ अजिंक्यतारा म्हणून खपून गेलं असतं, तिथंही तो गावाच्या दक्षिणेला आहे हे लक्षात ठेवून गॅलरी कुठल्या तोंडाची ते बघावं लागलं असतं. पण सांगलीत डोंगर म्हणजे मालकाची फारच मेहेरबानी.

मग मी नको तेच केलं, गेलो बघायला. इस्त्रीवाल्याला विचारलं, पाचशे दोन कुठं? तो इस्त्री खाली न ठेवताच म्हणाला, "पाचवा मजला? ओ काका, इथं तिसऱ्याच्या वर डायरेक्ट टाकी हाय."

खाली पार्किंग, वर तीन मजले, संपलं. आता एवढ्यावर थांबणारा माणूस शहाणा. पण लबाड माणूसही शहाणा असतो, पोरानं विचारल्यावर तो लगेच म्हणाला, "सॉरी, टायपिंग मिस्टेक, 302 आहे." अशा वेळी तुम्ही काय करायचं, तर पटकन हो म्हणायचं, कारण टायपिंग मिस्टेक कुणाचीही होते. मी मात्र पोराला फोटो घेऊन बिल्डिंगभोवती एक चक्कर मारायला बोलावलं, कारण मजल्याचा नंबर बदलता येतो, भिंत बदलता येत नाही. फोटोतल्या हॉलला एका भिंतीत मोठी खिडकी आणि लगतच्या भिंतीत गॅलरीचं दार, म्हणजे फ्लॅट कोपऱ्यावरचा पाहिजे. ह्या बिल्डिंगचे चारही कोपरे बंद भिंतीचे, खिडक्या नुसत्या मधे. फोटोत हॉलला स्प्लिट एसी, म्हणजे त्याचा बाहेरचा डबा जवळपास कुठल्यातरी भिंतीवर, गच्चीवर नाहीतर गॅलरीत लटकलेला असणार आणि पाइप भिंतीतून बाहेर आलेला असणार, तो तिसऱ्या मजल्याला कुठल्याच बाजूला नाही. फोटोतली ग्रिल आडव्या सरळ पट्ट्यांची, इथली सगळी जुन्या पद्धतीची, फुलाची डिझाईन. फोटोतल्या गॅलरीतून समोरच्या नारळाचा शेंडा खाली दिसतोय, म्हणजे फोटो काढणारा नारळापेक्षा उंचावर उभा होता, आणि इथला तिसरा मजला नारळाच्या निम्म्यातच संपतो.

हे सगळं बघायला जिन्यावरसुद्धा चढावं लागलं नाही बघा. पण तुम्ही सोफ्याचा रंग बघा, तोच महत्त्वाचा.

जिन्याखाली महावितरणच्या मीटरची पेटी असते, तिकडे तर फिरकूच नका. प्रत्येक मीटरवर कुणीतरी पेनानं नाहीतर रंगानं फ्लॅट नंबर टाकलेला असतो. आम्ही मोजले, मजल्याला चार असे बारा आणि एक कॉमन, जिन्याचे दिवे आणि पाण्याच्या मोटारीचा. 302 होता बरं का, त्याचं मीटर फिरतही होतं, कारण त्यात एक बँकेतले गृहस्थ बायकापोरांसह राहतात आणि त्यांना घर सोडायचं कसलंही कारण दिसत नव्हतं. उलट त्यांनी सांगितलं की या महिन्यात फ्लॅट बघायला आलेले आम्ही काही पहिले नाही. मालकाकडं लाईट बिल मागणं हा आणखी एक उद्धटपणा. बिलावर ग्राहक क्रमांक असतो, मीटर नंबर असतो, पत्ता असतो, आणि मीटर नंबर पेटीतल्या मीटरशी ताडून बघायला एक मिनिट लागतं. नाव मात्र जुन्या मालकाचं किंवा बिल्डरचंच राहिलेलं असू शकतं, आपल्याकडं बिलावरचं नाव बदलायला वर्षं जातात, म्हणून नाव जुळलं नाही की लगेच चोर म्हणू नये, आणि नुसत्या बिलाच्या फोटोवर मालकही म्हणू नये.

आता घरबसल्या करायचं एक काम, म्हणजे टाळायचं. हॉलचा फोटो गूगल लेन्समध्ये टाकला तर पहिल्यांदा कामाचं काही आलं नाही, नुसते सोफे आले विकायला. पोरगा खुश, "बघा काका, फोटो ओरिजिनल आहेत." मी फोटो मोठा करून भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. आकडे उलटे. आरशात दिसतात तसे. शेजारी घड्याळ होतं त्यातले तीन आणि नऊ पण जागा बदलून बसलेले. फोटो उजवा-डावा फिरवला की शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला तो कधीकधी ओळखू येत नाही, म्हणून हे लोक फिरवतात. गॅलरी ॲपमध्येच तो परत सुलटा केला आणि पुन्हा शोधला तर तोच हॉल, तोच सोफा, पुण्यातल्या एका विक्रीच्या जाहिरातीत, जुनी जाहिरात, खाली अभिमानानं लिहिलेलं, टेकडीचा व्ह्यू. आला का डोंगर? आणि किचन त्या जाहिरातीत नव्हतंच, ते अजून तिसऱ्याच घराचं, कारण हॉलमध्ये मोठ्या पांढऱ्या व्हिट्रिफाइड फरशा आणि किचनमध्ये ठिपक्यांची जुनी मोझॅक, आणि दोन्हीच्या मधल्या दारात जिथं दोन्ही फरशा भेटायला पाहिजेत तो फोटो काढायचं कुणाला सुचलेलं नाही. लेन्समध्ये काही सापडलं नाही म्हणजे फोटो खरा, असं मात्र जरूर समजा. नेटवर कधी चढलेलाच नाही, व्हॉट्सॲपवरून आलाय, तर तो लेन्सला सापडणार कुठून?

व्हिडिओ मागितला तर मिळतो, काळजी नको, तयारच असतो. दार उघडल्यापासून सुरू होणारा, मस्त संगीत लावलेला. तुम्ही तो बघून समाधान माना. लाईव्ह व्हिडिओ कॉलवर रस्त्यावरच्या पाटीपासून सुरू करा, फोन बंद न करता जिना चढा, दारावरचा नंबर दाखवा, आत जा आणि गॅलरीतून खाली वाकून ते इस्त्रीचं दुकान दाखवा, असं काही सांगू नका, समोरच्याला वाईट वाटतं. आमच्या पोरानं सांगितलं तर साहेबांचं नेटवर्क गेलं. ते सैन्यात होते म्हणे, पोस्टिंग लांब, ओळखपत्राचा फोटो आधीच पाठवलेला, न मागता. चावी सोसायटीच्या गेटवर मिळेल, फक्त 1999 रुपये गेटपास, रिफंडेबल. ज्या अपार्टमेंटचं गेट उघडं राहावं म्हणून त्याला विटेचा तुकडा लावून ठेवलाय, तिथं गेटपास. आणि रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करून पिन टाकायचा, म्हणजे पैसे घेण्यासाठी आपणच पैसे द्यायचा पिन टाकायचा. टाका.

न्यायाला धरून सांगायचं तर पिन इकडंतिकडं असणारी प्रत्येक जाहिरात खोटी नसते. एजंट लोक मुद्दाम चौकात पिन टाकतात, तुम्ही त्यांना वगळून मालकाकडं जाऊ नये म्हणून. रंग बदललेला असतो, फोटो आधीच्या भाडेकरूच्या वेळचे असतात. आणि काही जाहिराती नुसत्या अर्ध्या खोट्या, नदीकाठच्या गावभागातलं घर विश्रामबाग म्हणून टाकतात, कारण 2019 चा महापूर आठवून लोक पत्ता ऐकूनच मागं फिरतात. अशा ठिकाणी माणूस तुम्हाला बिल्डिंगपाशी घेऊन जातो, आत जाऊ देतो, पैसे नंतर मागतो. तो मालक असेलच असं नाही म्हणा, सोडून चाललेला भाडेकरूसुद्धा चावी फिरवून दार उघडतो आणि तेव्हा पत्ता, फोटो, बिल्डिंग, तिन्ही तंतोतंत जुळतात. तिथं मग घरपट्टीची पावती, खरेदीची सरकारी नोंद दाखवणारा इंडेक्स टू आणि मालकाचं ओळखपत्र एकमेकांशी लावून बघावं लागतं, शेजारच्या काकूंना मालकाचं नाव विचारावं लागतं, आणि डिपॉझिट रजिस्टर्ड भाडेकरारावर सह्या होतानाच द्यावं लागतं. किती कटकट.

त्यापेक्षा टोकन पाठवून मोकळे व्हा. पाठवल्यावर डीपी गायब झाला, फोन लागेना, तरी 1930 ला लगेच फोन करू नका, cybercrime.gov.in वर तक्रार टाकू नका, बँकेला व्यवहार क्रमांक देऊ नका. लगेच केलं तर पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत कुठंतरी अडकायची थोडी शक्यता असते. दोनतीन दिवस जाऊ द्या, साहेब ड्युटीवर असतील.