बाबांची सिगरेट, माझी सुटलेली सिगरेट आणि पावणेसहाचा चहा

जूनच्या दुसऱ्या सोमवारी मी सिगरेट सोडली. पाच महिने झाले. सोडली कशी, यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते घरात दुसरा माणूस रोज ओढत असताना काय होतं त्यावर. आमच्या घरातला हा दुसरा माणूस म्हणजे माझे वडील. वय एकाहत्तर, दिवसाला पाच-सहा सिगरेटी, गेली पन्नास वर्षं.

आता गंमत बघा. मी एकोणीस वर्षं ओढत होतो आणि बाबांसमोर एकदाही नाही. त्यांना माहीत होतं, त्यांना माहीत आहे हे मला माहीत होतं, पण विषय कधी निघाला नाही. त्यामुळे "बाबा, जरा तिकडे जाऊन ओढा" हे सांगायचं तर आधी आपण ओढत होतो हे कबूल करणं आलं. बेचाळिसाव्या वर्षी!

रविवारी दुपारी ते गवार मोडत बसले होते. मी समोर बसलो, दोन शेंगा मोडल्या आणि म्हणालो, "बाबा, मी उद्यापासून सिगरेट सोडतोय."

वर न बघता म्हणाले, "पीत होतास?"

मी गप्प. मग थोड्या वेळाने, "फ्रिजवरच्या पाकिटातल्या कमी व्हायच्या, त्या तूच ना? मी मोजत होतो."

आई आतून हसली. सगळ्यात अवघड भाग तिथेच संपला.

एक गोष्ट मी आधीच ठरवली होती. त्यांना 'तुम्हीही सोडा' असं म्हणायचं नाही. म्हटलं असतं तर सगळं बोलणं त्यांच्या सिगरेटवर गेलं असतं आणि माझं बाजूला राहिलं असतं. मला दोनच गोष्टी हव्या होत्या. पाकीट नि काडेपेटी मला दिसता कामा नये, आणि घरात धूर नको. पाकिटाचं त्यांनी लगेच मान्य केलं. तेव्हापासून ते त्यांच्या कपाटात, बनियनच्या कप्प्यात असतं. हे क्षुल्लक वाटेल, पण नाही. तलफ येते ती चार-पाच मिनिटांची असते. त्या चार मिनिटांत सिगरेट हाताशी असेल तर खेळ संपला. खाली टपरीवर जायचं म्हटलं तर चपला घालेपर्यंत निम्मी तलफ ओसरते.

धुराचं मात्र घोळत राहिलं. बाबा म्हणाले, "मी गॅलरीतच ओढतो की." खरंच होतं ते. गॅलरी हॉलला लागून, मध्ये सरकती काच. मग ठरलं, काच पूर्ण बंद करून गॅलरीत ओढायची. तरी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मला सोफ्यावर बसून खणखणीत वास. सिगरेट सोडली की नाक परत कामाला लागतं, त्यामुळे आधी जो वास जाणवतही नव्हता तो आता अंगावर येतो. पहिल्यांदा वाटलं, म्हातारा काच उघडी ठेवतोय. चिडलोही.

मग देवघरातली उदबत्ती पेटवून काचेच्या फटीशी धरली. धूर सरळ आत वळला आणि हॉलमधून किचनकडे निघाला. बायको चहा टाकत होती आणि किचनचा एक्झॉस्ट पंखा चालू होता. पंखा घरातली हवा बाहेर फेकणार, तर तेवढी कुठून तरी आत येणार, आणि आमच्याकडे ती येत होती गॅलरीच्या फटीतून. म्हणजे बाबा बाहेर ओढतायत आणि पंखा तो धूर ओढून माझ्यापर्यंत आणतोय. पंखा बंद केला, उदबत्तीचा धूर सरळ वर गेला. तुमच्या घरात 'बाहेर ओढतो तरी वास येतो' असं भांडण चालू असेल तर आधी ही उदबत्ती लावून बघा, मग माणसावर चिडा.

(खोलीत ओढून खिडकी उघडायची नि पंखा लावायचा, हे मीही वर्षानुवर्षं केलंय. त्याने काही होत नाही. धूर पातळ होतो, घरातून जात नाही, आणि पडदे, उशा, भिंती वास धरून ठेवतात. आम्ही गॅलरीकडचे पडदे धुतले तेव्हा पाण्याचा रंग बघून बायको माझ्याशी तासभर बोलली नाही.)

शेवटी तडजोड झाली ती अशी. संध्याकाळची सिगरेट खाली, पार्किंगमागच्या बाकावर. लिफ्ट आहे, गुडघ्यांना त्रास नाही. सकाळची पहिली मात्र गॅलरीतच. त्यावर बाबा हटले नाहीत, "सहा वाजता मी खाली जाणार नाही." ठीक आहे. त्या वेळी काच बंद, एक्झॉस्ट बंद, आणि सिगरेट विझल्यावरही दहा मिनिटं काच उघडायची नाही. थोटकं पाणी घातलेल्या झाकणाच्या डब्यात. त्यांची सिगरेटची वेगळी पैरण गॅलरीतल्या खुंटीला. आत येताना ती तिथेच राहते.

आता चहा. खरा घोळ चहाचाच होता. आमच्याकडे सकाळी सहाचा आणि संध्याकाळी पावणेसहाचा चहा बाबा आणि मी एकत्र घेतो. दोघं बोलत फार नाही, पण बसतो. बाबांचा सकाळचा कप गॅलरीत सिगरेटबरोबर, माझा आत. मग मी ऑफिसला निघालो की नाक्यावर माझा दुसरा कटिंग आणि माझी सिगरेट. एकोणीस वर्षं चहा आणि सिगरेट एकाच घोटात. जिभेला चहा लागला की बोटं आपोआप खिसा चाचपायची.

सगळ्यांनी सांगितलं, काही दिवस चहाच बंद कर. मला ते पटलं नाही. बाबांबरोबर बसायचे दिवसातले दोनच प्रसंग, ते दोन्ही गेले तर उरतं काय? म्हणून फक्त सकाळचा सोडला. त्या वेळात आंघोळ उरकतो आणि चहा नंतर एकटा पितो. संध्याकाळचा ठेवला.

पण त्यातही क्रम चुकला. आधी ठरवलं की बाबा खाली जाऊन ओढून येतील, मग चहा. ते आले की श्वासाला, मिशीला वास. टेबलाच्या पलीकडे माझी सिगरेट बसलीय असं वाटायचं. मग उलटं केलं. आधी चहा, मग ते खाली. हे बरं, पण शेवटच्या घोटाचा क्षण वाईट. ते कप ठेवतात, हात खिशाकडे जातो, उठतात. त्याच क्षणी माझ्याही पायांना उठावंसं वाटतं. म्हणून आता त्यांच्या आधी मी उठतो, दोन्ही कप आणि चहाचं पातेलं उचलतो आणि धुवायला लागतो. ओल्या हाताने सिगरेट धरता येत नाही. हात पुसेपर्यंत लिफ्ट खाली गेलेली असते.

दोन गोष्टी डॉक्टरांकडून कळल्या, त्या मला कुणी आधी सांगितल्या असत्या तर पंधरा दिवस वाचले असते.

पहिली निकोटिन गमची. मी उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगरेट ओढणारा, म्हणून त्यांनी 4 मिलिग्रॅमची लिहून दिली. मी ती चहाबरोबर चघळायचो, कारण तलफ तेव्हाच यायची. आणि 'काही उपयोग नाही' म्हणून कुरकुर करायचो. तिथेच चूक होती. त्यातलं निकोटिन तोंडाच्या आतल्या कातडीतून शोषलं जातं, आणि चहा-कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक असलं काही तोंडात असेल तर ते नीट शोषलं जात नाही. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत पाण्याखेरीज काही नाही. आणि च्युइंगमसारखी सतत चावायची नाही. चावून तोंडात चुरचुरलं की गालात दाबून ठेवायची, चुरचुर गेली की परत थोडी चावायची. अर्धा तास असं. सतत चावलं की रस पोटात जातो आणि मिळतात त्या फक्त उचक्या. त्या मला मिळाल्या. आता मी पाच वाजता गम घेतो, साडेपाचला टाकतो, पावणेसहाला चहा. तलफ यायच्या आधीच निकोटिन पोचलेलं असतं.

दुसरी गोष्ट चहाचीच. पहिल्या आठवड्यानंतर मला रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप नाही, छातीत धडधड, हात थरथरतायत. वाटलं, हा सिगरेट सुटण्याचा त्रास. डॉक्टरांनी विचारलं, चहा किती? पाच कप. ते हसले. सिगरेटच्या धुरातल्या डांबरामुळे लिव्हर कॅफिन भरभर संपवतं. धूर बंद झाला की काही दिवसांत तो वेग उतरतो आणि तेवढ्याच चहाचं कॅफिन रक्तात जवळजवळ दुपटीने राहतं. हे निकोटिनमुळे नाही, धुरामुळे होतं, त्यामुळे गम घेऊनही फरक पडत नाही. म्हणजे एकाच पातेल्यातला चहा, बाबा दोन कप पिऊन घोरत पडणार आणि मी पंखा मोजत. त्या दिवसापासून माझा कटिंग, बाबांचा फुल्ल. दिवसाचे पाच कप अडीचवर आणले, चार दिवसांत झोप आली. सगळा त्रास चहाचा नव्हता, चिडचिड तर तीन आठवडे होती, पण धडधड चहाचीच होती.

सगळं सुरळीत झालं असं नाही. जुलैत चार दिवस पाऊस थांबलाच नाही, बाकावर बसायची सोय नाही, आणि बाबांनी एका संध्याकाळी हॉलमध्ये खिडकीशी उभं राहून ओढली. मी काही बोललो नाही, बेडरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी आम्ही पावसाळ्यासाठी जिन्याखालची मीटरजवळची जागा बघितली, पण ती सोसायटीच्या सामायिक भागात आणि शेजाऱ्यांच्या दारात. ते योग्य नव्हतं. मग छत्री घेऊन गेटबाहेरची बंद दुकानाची शेड.

आणि माझंही घसरलं. सव्विसाव्या दिवशी मामा आले, चहा झाला, त्यांनी खाली पाकीट पुढे केलं आणि मी तीन झुरके मारले. चौथ्याला चक्कर आली, टाकली. वर येऊन बाबांना सांगितलं. मला वाटलं, हसतील. ते म्हणाले, "मग आता परत एक तारखेपासून मोजणार की पुढे चालू?" मी म्हटलं, पुढे चालू. मामांना आता बाबाच सांगतात, "याच्यासमोर काढू नकोस रे."

'बाबांनी सोडली का?' असं विचारणारच कुणीतरी. नाही सोडली. सिगरेट सोडायला मदत करणाऱ्या क्विटलाइनचा 1800-11-2356 हा नंबर मी त्यांच्याच पाकिटावरून उतरवून घेतला होता, तो त्यांच्या कपाटात पन्नास वेळा छापलेला आहे, आणि त्यांनी लावलेला नाही. तो त्यांचा प्रश्न.

हे लिहीत होतो तेव्हा साडेपाच वाजले. किचनमधून बाबांचा आवाज आला, "थुंकलास का ती गम? चहा टाकतोय."