चिमीचं रडणं कुणी थांबवलं?

आमची चिमी २९ जुलैची, म्हणजे तिथीने नागपंचमीची. यंदा मध्ये अधिक ज्येष्ठ घुसल्यामुळे तिची तिथी तारखेच्या १९ दिवस पुढे, १७ ऑगस्टला गेली. बायकोचं म्हणणं वाढदिवस तारखेनेच, आईचं म्हणणं तिथीनेच. शेवटी सोसायटीचा हॉल ज्या रविवारी मोकळा होता त्या रविवारी तो झाला. तो ना तारखेचा होता ना तिथीचा, त्यामुळे दोघींपैकी कुणीच हरलं नाही.

हा तिढा सुटल्याच्या आनंदात काकांनी जाहीर केलं, की बाप या नात्याने मी पाच मिनिटं बोलायचं. “वर्षभराचा आढावा घे. आणि कुणाचं नाव विसरू नकोस.” दुसरं वाक्य त्यांनी जरा हळू आवाजात, पण डोळे रोखून म्हटलं.

आढावा घ्यायला मी लसीकरणाची वही उघडली. आमच्या घरात त्या वर्षात ज्यावर सगळ्यांचं एकमत आहे असा तेवढाच एक दस्तऐवज. जन्माला वजन २ किलो ९००. तिसऱ्या दिवशी २ किलो ७००. त्या दोनशे ग्रॅमवरून दोन्ही घरांत असा हाहाकार झाला होता, की जणू मुलगी चोरीलाच जात होती, हप्त्याहप्त्याने. डॉक्टर म्हणाले, जन्मानंतर दहाव्या हिश्शापर्यंत वजन उतरतं, दोन आठवड्यांत भरून येतं. तसं ते आलंही. परवा काट्यावर ८ किलो ७०० भरली, म्हणजे बरोब्बर तिप्पट. भाषणाची सुरुवात आणि शेवट तयार झाला. मधलं तेवढं राहिलं.

मधलं म्हणजे रडणं. तिसऱ्या आठवड्यापासून चिमी संध्याकाळी सहाला रडायला लागायची ती नवापर्यंत. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, ताप नाही, काही नाही. मुठी आवळायची, पाय पोटाशी घ्यायची आणि लालबुंद व्हायची. दिवाबत्तीच्या वेळेला सुरू व्हायचं म्हणून आत्या म्हणाली, दृष्ट. तिने मीठ-मोहऱ्या उतरवल्या; मोहऱ्या तडतडल्या आणि त्यांच्या आवाजाने चिमी आणखी चेकाळली. काकूने बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावलं. मामींनी बायकोचं वांगं, हरभऱ्याची डाळ आणि फ्लॉवर बंद केलं. मग बायकोही रडायला लागली, पण तिची वेळ ठरलेली नव्हती. मी स्वतः स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावून चिमीला खांद्यावर घेऊन त्याखाली उभा राहत असे. रोज तीन तास. त्या काळात माझ्या डोक्याला कायम फोडणीचा वास येई.

सहाव्या आठवड्यात ते रडणं कळसाला पोचलं. सातव्यापासून उतरायला लागलं आणि साडेतीन महिन्यांची झाल्यावर एका संध्याकाळी सहा वाजले, सव्वासहा वाजले, आणि चिमी पंख्याकडे बघून हसत पडलेली. आम्ही घाबरून तिला चिमटा काढायच्या बेतात होतो. डॉक्टरांनी हे वेळापत्रक मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं : सहा आठवड्यांना सर्वात जास्त, तीन-चार महिन्यांत आपोआप बंद. पण ‘आपोआप’ या शब्दाला नातेवाइकांत काही किंमत नाही. वाढदिवसाच्या आठवडाभर आधी मला चार फोन आले आणि प्रत्येकाने भाषणात काय सांगायचं याची आठवण दिली. आत्याला दृष्टीचं श्रेय हवं होतं, काकूला हिंगाचं, मामींना वांग्याचं. आतेभावाने तर तान्हेपणी एकदाच येऊन तिला उलटं धरलं होतं. त्यालाही वाटत होतं, की त्यानेच काय ते हललं.

श्रेय मागितलं नाही ते फक्त आईने. आणि खरा घोळ तिथेच होता.

बाळंतपण आमच्याकडेच झालं. पहिला दीड महिना सासूबाई येऊन राहिल्या, त्या गेल्यावर आई आली. आई येणं आणि रडणं कमी होणं एकाच आठवड्यातलं. त्याचं तिच्या मते असलेलं कारण तांदळाच्या डब्यामागे जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेलं होतं. ते म्हणजे सहाण. सोबत हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, हिरडा, सुंठ आणि जायफळ. डॉक्टरांनी बजावलं होतं, की सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नाही, पाणीसुद्धा नाही. दिलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब तेवढे चालतील. आईचा युक्तिवाद होता, “त्यांचे थेंब चालतात, मग माझी गुटी का नाही?” सकाळी बायको आंघोळीला गेली, की ती एकेका मुळीचे वेढे मोजून उगाळायची. मी एकदा रंगेहाथ पकडलं आणि तिला निक्षून सांगितलं, की सहाण धुतलेली आहे का, जायफळाने गुंगी येते, आणि वेखंड जास्त झालं तर उलट्या होतात. आई म्हणाली, “तुला काय झालंय गुटी खाऊन?” यावर आत्मपरीक्षणापलीकडे काही करता येईना. तिने थांबवते म्हणून शब्द दिला आणि मी बायकोला न सांगण्याचा दिला. दुपट्यावर मात्र अधूनमधून पिवळा डाग दिसायचा.

तर भाषण. समोर साठ माणसं, पहिल्या रांगेत डॉक्टर, त्यांच्या शेजारी बायको. मांडीवर चिमी, नव्या जरीच्या परकराला खाजवत. वजनावर टाळ्या मिळाल्या. उष्टावणावरही मिळाल्या, त्यात भांडण झालंच नव्हतं, कारण मुलीचं विषम महिन्यात करायचं असं आई म्हणते आणि सहा महिने पुरे झाल्यावर असं डॉक्टर म्हणतात, आणि सहा पुरे झाले की सातवा लागतोच. मग मी रडण्यावर आलो. दृष्ट, हिंग, वांगं, उलटं धरणं, सगळ्यांचे आभार मानले. चारही जण समाधानाने मागे रेलले. एवढ्यात समोर आई दिसली, गप्प, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मला भरून आलं. भरून आलं की माणूस कागदाबाहेरचं बोलतो.

“आणि आई,” मी म्हणालो, “रोज सकाळी सगळ्यांच्या आधी उठून सहाण घेऊन...”

बायकोची मान वळली. डॉक्टरांनी चष्मा सारखा केला. माइकने एक लांब शीळ घातली.

“...देवासाठी गंध उगाळायची,” मी म्हणालो.

सुटलो होतो. पण बाबांना खोटं खपत नाही. तिसऱ्या रांगेतून खणखणीत आवाज आला, “गंध कुठलं उगाळतोयस? आपल्याकडे वर्षानुवर्षं अष्टगंधाची डबी आहे!”

काकांनी हुशारीने औक्षण पुकारलं. तबक फिरलं, चिमीने निरांजनाकडे हात टाकला, मग कुंकवात घातला आणि तो सरळ डॉक्टरांच्या शर्टाला पुसला. त्या गोंधळात बायको माझ्या कानाशी येऊन फक्त “घरी चल” एवढंच म्हणाली.

जेवणाच्या पंगतीत मी खाली मान घालून जिलबी तोडत होतो. सासूबाई वाढायच्या निमित्ताने आल्या, मठ्ठ्याचा ग्लास ठेवला, आजूबाजूला बघितलं आणि वाकल्या.

“जावईबापू, एक विचारू? त्या जायफळाचे किती वेढे देत होत्या? मी आपला एकच देत होते.”