मानपत्रात विजय कुणाचा, कर्तृत्व कुणाचं?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका गावात यात्रेच्या दिवशी मुलींना खो-खो शिकवणाऱ्या सरांचा सत्कार आहे. मंडळाच्या पोरांनी मानपत्राचा मसुदा माझ्याकडे पाठवला. पहिलंच वाक्य असं: ‘आपण देदीप्यमान कारकिर्दीत अनेक विजय, उपलब्धी व यशोशिखरे संपादन करून गावाचे नाव उज्ज्वल केले आहे.’

पोरांचा जीव आहे सरांवर, ते कळतं. पण या वाक्यात सर कुठेच दिसत नाहीत. डेअरीच्या चेअरमनच्या मानपत्रातही ते तसंच्या तसं चालेल.

विजय सामन्यातला असतो. त्याला समोर प्रतिस्पर्धी लागतो, निकाल लागतो. आठ जणी मधल्या पाटीवर बसतात, नववी धावते आणि सर रेषेबाहेर उभे असतात. म्हणून विजय मुलींचा. सरसुद्धा हेच म्हणतात, “पोरी जिंकल्या, मी न्हवं.” सरांच्या नावावर ‘विजय संपादन केले’ लिहिलं तर त्यांनाच अवघडल्यासारखं होईल.

यशाचं वेगळं आहे. यश येतं, मिळतं, लाभतं. त्यात अनेकांचा वाटा मावतो. त्यामुळे ‘आपल्या मार्गदर्शनाखाली संघाला यश मिळाले’ हे सरळ बसतं. कामगिरी लिहायची तर स्पर्धा, वर्ष आणि पातळी लिहाच. तालुका की जिल्हा हे न सांगता ‘उल्लेखनीय कामगिरी’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ‘उपलब्धी’ तर काढूनच टाका, या अर्थानं ती हिंदीतून आली आहे.

मसुद्यात पुढे ‘क्रीडा क्षेत्रात मोठी साधना मिळवली’ असंही आहे. हे आपल्या भागातच होतं. कन्नडमध्ये ‘साधने’ म्हणजे मिळवलेलं यश, आणि आपण ते फलक रोज वाचतो. मराठीत साधना करतात, मिळवत नाहीत. ती फळाआधीची वर्षानुवर्षांची मेहनत. शब्द ठेवा, क्रियापद बदला. सरांना तो शोभतोच.

आणि खुद्द सरांसाठी शब्द आहे कर्तृत्व. ते एका दिवसाच्या निकालावर उभं नसतं, माणसाच्या हातून काय घडलं त्यावर असतं. पहाटे चुन्यानं मैदान आखणं, दहावीनंतर पोरीचा खेळ बंद करायला निघालेल्या बापाच्या दारात जाऊन बसणं, हे मानपत्रात यायला हवं. ‘कर्तृत्ववान’ एवढं विशेषण लावून भागत नाही.

मी पोरांना असं सुचवलंय: ‘सर, आपण या गावात खो-खोची साधना केली. पहाटे स्वतः मैदान आखले, घरोघरी जाऊन मुलींचा खेळ सुटू दिला नाही. त्या मुलींनी मिळवलेल्या विजयांमागे आपले हे कर्तृत्व आहे.’ याखाली स्पर्धांची नावं आणि वर्षं येतील, ती मुलींनाच विचारून घ्या. यादीत प्रत्येक संघातल्या मुलींची नावंही घाला, सरांना त्याचा जास्त आनंद होईल.