काट अवयवाला मारायची, पदाला नाही : एका पालकांना उत्तर

"सर, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय आणि तो मला पटला. त्यात म्हटलंय की अपूर्णांकात वर आणि खाली जे सारखं असेल ते काटायचं, एवढाच नियम आहे. समीकरणातसुद्धा दोन्हीकडचं सारखं पद उडवतातच. उत्तर बरोबर आलं की पायऱ्यांचे गुण कापणं हा मुलांवर अन्याय आहे. माझ्या मुलीचं उत्तर x + 3 बरोबर असताना तिला 3 पैकी 1 गुण का?"

ठाणे (पश्चिम)

सप्रेम नमस्कार,

आपल्या मुलीची उत्तरपत्रिका समोर ठेवूनच हे पत्र लिहीत आहे. प्रश्न होता (x² − 9) / (x − 3) या राशीला सरळ रूप देण्याचा. तिने वरच्या x² वर आणि खालच्या x वर तिरकी रेघ मारून बाजूला x लिहिला आहे, 9 आणि 3 वर तशीच रेघ मारून 3 लिहिला आहे, आणि दोन वजा चिन्हांच्या मध्ये बारीक अक्षरांत "वजा वजा अधिक" असे लिहून x + 3 हे उत्तर काढले आहे. अंतिम उत्तराचा 1 गुण मी दिला. उरलेले 2 गुण ज्या कृतीसाठी होते, ती कृती तिथे नाही.

मेसेजमधला उत्तराविषयीचा मुद्दा मी आधी घेतो, कारण आपली तक्रार त्यावरच उभी आहे. हीच रीत (x² + 9) / (x + 3) या राशीला लावून पाहावी. x² ला x ने भागून x, 9 ला 3 ने भागून 3, मधले चिन्ह अधिक, म्हणजे उत्तर पुन्हा x + 3. आता x च्या जागी 1 घालावा. मूळ राशीची किंमत 10 भागिले 4, म्हणजे 2.5 येते, या रीतीच्या उत्तराची किंमत 4 येते. सरळ रूप देताना राशीची किंमत बदलता कामा नये, आणि इथे ती बदलली आहे. मग परीक्षेतल्या राशीत तीच रीत कशी चालली? x² − 9 हे x च्या वर्गातून 3 चा वर्ग वजा केलेले आहे, म्हणून त्याचे अवयव (x − 3)(x + 3) असे पडतात आणि त्यातला (x − 3) नेमका छेदात आहे. वरची दोन्ही पदे खालच्या पदांचे वर्ग होती आणि मध्ये वजा चिन्ह होते, या योगायोगामुळे चुकीच्या रेघांखालूनही खरे उत्तर बाहेर आले. 9 च्या जागी 12 असते, तर तिच्या रीतीने x + 4 आले असते; x = 4 घातल्यावर मूळ राशीची किंमत 4 आहे आणि x + 4 ची 8.

आता सारखे दिसेल ते काटण्याविषयी. काट मारणे म्हणजे अंशाला आणि छेदाला एकाच संख्येने भागणे, आणि भागायचे म्हणजे संपूर्ण अंशाला भागायचे. गुणाकारात हे एका रेघेत होते, कारण 3 × 5 ला 3 ने भागले की 5 उरतात. बेरजेत तसे होत नाही. (3 + 5) / (3 + 1) म्हणजे 8 भागिले 4, उत्तर 2. वरखालचे 3 काटले तर 5 / 1 उरते, म्हणजे 5. बेरजेत किंवा वजाबाकीत जोडलेल्या तुकड्याला आपण पद म्हणतो आणि गुणाकारात जोडलेल्या तुकड्याला अवयव म्हणतो. काट मारता येते ती दोघांनाही सामाईक असलेल्या अवयवाला.

व्यवहारात आपण ही चूक कधीच करत नाही, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. समजा जांभळी नाक्यावर चार जणांनी 18 रुपयांचा एकेक वडापाव घेतला आणि चौघांत मिळून 20 रुपयांची एक पाण्याची बाटली घेतली. वाटणी (4 × 18 + 20) / 4 अशी होईल. एकूण 92 रुपये, म्हणजे प्रत्येकी 23. पहिल्या पदातला 4 खालच्या 4 शी काटून 20 तसेच ठेवले, तर प्रत्येकी 38 रुपये होतात आणि चौघांकडून 152 रुपये गोळा होतात. बाटलीचे पैसेही चारात वाटायचे असतात, हे तिथे कोणालाही सांगावे लागत नाही. वहीत 18 च्या जागी x आला की मात्र (4x + 20) / 4 चे x + 20 करून मोकळी होणारी मुले मला दर वर्षी भेटतात. तिथे 4(x + 5) असे लिहिले की 4 हा संपूर्ण अंशाचा अवयव आहे हे डोळ्यांना दिसते, आणि उत्तर x + 5 येते.

समीकरणाविषयी मेसेजमध्ये जे म्हटले आहे ते खरे आहे, आणि माझ्या मते मुलांच्या गोंधळाचे मूळही तिथेच आहे. 3x + 7 = 2x + 7 यात दोन्हीकडचे 7 जातात, कारण दोन्ही बाजूंमधून आपण 7 वजा करतो आणि समान राशींतून समान संख्या वजा केली तर उरलेले समानच राहते. अपूर्णांकाची रेघ ही बरोबरचे चिन्ह नव्हे. तिच्या वरून आणि खालून सारखी संख्या वजा केली तर किंमत बदलते. 8 / 4 मधून वरखाली 3 वजा करून 5 / 1 मिळाले, ते याच कारणाने. दोन्ही ठिकाणी आपण "उडवले" हाच शब्द वापरतो आणि रेघही सारखीच मारतो, त्यामुळे एकीकडे वजाबाकी झाली आणि दुसरीकडे भागाकार व्हायला हवा होता, हे मुलांच्या लक्षात येत नाही. म्हणून मी वर्गात "उडवले" म्हणू देत नाही. "वजा केले" किंवा "भागले" असे म्हणायला लावतो.

त्या 2 गुणांसाठी तिने (x − 3)(x + 3) / (x − 3) अशी एक ओळ लिहून मग (x − 3) ला काट मारणे अपेक्षित होते. सोबत x ची किंमत 3 नाही, हेही लिहायला हवे, कारण x = 3 असताना तो अवयव शून्य होतो आणि शून्याने भागता येत नाही.

तिच्याच उत्तरपत्रिकेत पुढचा प्रश्न (x² + 5x + 6) / (x² − 4) असा आहे. तिथे तिने वरखालचे x² काटून (5x + 6) / (−4) असे उत्तर लिहिले आहे, आणि या वेळी योगायोग मदतीला आलेला नाही. x = 3 घातल्यावर मूळ राशीची किंमत 30 भागिले 5, म्हणजे 6 येते; तिच्या उत्तराची −5.25. अवयव पाडले तर वर (x + 2)(x + 3) आणि खाली (x + 2)(x − 2) मिळतात, (x + 2) ला काट जाते आणि (x + 3) / (x − 2) उरते, ज्याची x = 3 साठी किंमत 6 आहे. उत्तरपत्रिका तिच्याबरोबर घरी पाठवत आहे. हे गणित तिने आपल्यासमोर पुन्हा सोडवावे आणि काट मारण्यापूर्वी वर आणि खाली कंस मांडून घ्यावेत. सोमवारी मधल्या सुट्टीत तिने वही घेऊन यावे, मी शिक्षक खोलीत असेन.

आपला,
गणित शिक्षक, इयत्ता आठवी