पावसाळ्यातली खताची बादली

ओला, सुका आणि घातक असे कचऱ्याचे तीन भाग करायचे, हे आता गोव्यात बहुतेकांना ठाऊक आहे आणि अनेक घरांत तसे डबेही आहेत. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की, या तिन्हींत खरा निर्णय ओल्या कचऱ्याचाच असतो. तो घरातच जिरवला तर बाकीचे दोन भाग जवळजवळ आपोआप नीट राहतात, आणि तो बिघडला की सुकाही हाताबाहेर जातो. मडगावच्या सोनसोड्यावर वर्षानुवर्षे मिसळलेला कचरा साचत गेला आणि 2019 साली तिथे मोठी आग लागली, हे आपण सर्वांनी पाहिले. अशा ढिगाच्या पोटात ओला कचरा हवेवाचून कुजतो, त्यातून मिथेन तयार होतो, आणि शेजारीच प्लास्टिक असल्यामुळे एकदा पेटलेला ढीग लवकर विझत नाही. साळगावला 2016 पासून चालणाऱ्या प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून गॅस काढतात. पण त्या कचऱ्यात पिशव्या आणि चमचे आले, तर आधी ते वेगळे करण्यातच यंत्रे आणि माणसे अडकून पडतात. सुक्यातला जो भाग पुन्हा वापरता येत नाही, म्हणजे वेफर्सच्या चकचकीत पिशव्यांसारखा, तो इंधन म्हणून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांकडे जातो. इंधनाला आमटी लागलेली असेल तर ते जळणार कसे?

म्हणून सुक्याबद्दल मी एकच गोष्ट आग्रहाने सांगेन. दुधाची पिशवी कापताना तिचा कोपरा पूर्ण तोडून टाकू नका. तो एवढासा त्रिकोण कुणालाच वेचता येत नाही आणि शेवटी गटारात जातो. कोपऱ्याला अर्धवट चीर द्या, तुकडा पिशवीलाच लटकू द्या, आणि तांदूळ धुतलेल्या पाण्यात पिशवी विसळून चिमट्याला अडकवा. घातक कचऱ्यासाठी झाकणाचा एक छोटा डबा पुरतो. त्यात संपलेले सेल, मुदत उलटलेली औषधे, मच्छर मारण्याच्या औषधाच्या बाटल्या आणि रंगाचे डबे ठेवावेत. बंद पडलेल्या ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, त्यामुळे ती न फोडता तिच्याच पुठ्ठ्याच्या वेष्टनात उभी ठेवावी. मोबाइलची फुगलेली बॅटरी मात्र डब्यात साठवू नये, कारण दाबली गेली तर ती पेट घेते. घराबाहेर, उन्हापासून दूर ठेवून ती लवकरात लवकर संकलन केंद्रावर द्यावी. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून, वर खूण करून वेगळे द्यावेत, कारण पुढे कुणाला तरी ते हाताने उचलावे लागतात.

आता मुख्य विषय. फ्लॅटमध्ये खत करण्याची जी माहिती सर्वत्र फिरते, ती बहुतेक कोरड्या हवेच्या शहरांत लिहिलेली असते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच इतकी ओली असते की, पुण्यात किंवा नाशकात उत्तम चालणारी रीत इथे महिन्याभरात बिघडते, आणि लोक "आमच्याकडे जमत नाही बाबा" म्हणून बादली टाकून देतात. रीत चुकीची नसते. तिच्यात सुका पालापाचोळा कमी पडत असतो.

गेल्या जुलैमधले उदाहरण देते. आम्ही फोंड्याला राहतो. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी उन्हाळ्यात वीस लिटरच्या बादलीत खत सुरू केले होते आणि मेअखेरपर्यंत ते छान चालले. जुलैत एके दिवशी त्या खाली येऊन म्हणाल्या, "गो बाई, सडक्या अंड्यासारखा वास येतोय. सासूबाई म्हणतात, आजच्या आज फेकून दे."

वर जाऊन पाहिले तर बादलीच्या तळाशी काळे पाणी साचले होते, आणि वरच्या थरात तवशाची साले, उरलेला भात आणि चहाचा चोथा यांचा चिकट गोळा झाला होता. सडक्या अंड्याचा वास आला की समजावे, आत हवा पोहोचत नाही. हवेवाचून जगणारे जिवाणू तिथे वाढतात आणि तो वास त्यांचा असतो. नाकाला झोंबणारा, अमोनियासारखा वास आला तर कारण वेगळे असते. तेव्हा नत्र जास्त आणि कार्बन कमी झालेला असतो, म्हणजे हिरवा कचरा भरपूर आणि पाने थोडी. दोन्हींवरचा उपाय बराचसा एकच आहे: सुके मिसळा आणि उलथापालथ करा.

वहिनींकडे सुकी पाने उरली नव्हती, आणि खालून आणावीत तर ती भिजलेली. आम्ही बाल्कनीत जुने वर्तमानपत्र पसरून सगळी बादली त्यावर ओतली, गोळे हाताने फोडले, आणि पार्सलच्या तपकिरी पुठ्ठ्याचे चिकटपट्टी काढून बोटाएवढे तुकडे केले. कोकोपीटची वीट घरात होती. ती एरवी पाण्यात भिजवून फुलवतात, पण इथे आम्ही ती कोरडीच खरवडून भुगा केला, म्हणजे त्याने जास्तीचे पाणी शोषून घेतले. ओल्या गोळ्याच्या निम्म्याने पुठ्ठा आणि भुगा मिळून मिसळले. बादलीच्या तळाची भोके बुजली होती, ती खिळ्याने मोकळी केली, तळाशी चार बोटे नारळाचा काथ्या घातला आणि मग सगळे परत भरले. दुसऱ्या दिवशी वास उतरला आणि त्या आठवड्यात तो पूर्ण गेला. बादलीत हात घातला तर ती आतून कोमट लागत होती. जिवाणू कामाला लागल्याची ती खूण असते.

ओलावा बरोबर आहे की नाही, हे कळायला यंत्र लागत नाही. मूठभर मिश्रण घट्ट आवळावे. बोटांतून एखादाच थेंब आला तर ठीक. धार लागली तर पाणी जास्त आहे, आणि मूठ उघडताच मिश्रण विखुरले तर कमी आहे. पावसात पाणी कमी पडण्याची वेळ सहसा येतच नाही. बादलीवर पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नये, ती कामाचीच असते. मळकट रंगाच्या जाडसर अळ्या दिसल्या तर त्याही कचरा खाऊन संपवतात. नको असतील तर वर पानांचा दोन बोटे थर द्यावा.

माझा खरा आग्रह मार्च-एप्रिलमध्येच सुकी पाने साठवण्याचा आहे. चार माणसांच्या घरात, बारीक चिरलेला ओला कचरा दिवसाला साधारण एक लिटरचे भांडे भरेल इतका निघतो. त्याच्या दुप्पट मापाने चुरलेली सुकी पाने लागतात, म्हणजे रोज दोन लिटर. पावसाचे चार महिने धरले तर दोनशे चाळीस लिटर झाले. पन्नास किलो तांदळाच्या पोत्यात साठेक लिटर मावते, म्हणजे चार पोती. आंबा, फणस आणि बदामाची पाने उन्हाळ्यात वाळून पडलेलीच असतात. ती पायाने तुडवून पोत्यांत भरली की मूळ आकारमानापेक्षा कितीतरी कमी होतात. पुरुमेंताची मिरची, सोले आणि सुके मासे आपण मिरगाच्या आधी भरून ठेवतो, त्यातच ही चार पोती धरावीत. कोरड्या जागी, फरशीपासून थोडी वर ठेवावीत. सुताराकडचा लाकडाचा भुसाही चालतो, पण प्लायवूडचा घेऊ नये, त्यात डिंक असतो.

तीन बादल्या ठेवल्या तर चक्र सुरळीत चालते. कचरा बसत जातो, त्यामुळे एक बादली भरायला साधारण तीन आठवडे लागतात. दुसरी आणि तिसरी भरेपर्यंत पहिलीला सहा आठवडे विश्रांती मिळते. आठवड्यातून दोनदा ढवळायला विसरू नये. खत तयार झाले का, हे पाहायला थोडे ओलसर खत बरणीत घालून झाकण घट्ट लावावे आणि तीन दिवसांनी उघडावे. मातीचा वास आला तर झाले, आंबट किंवा कुबट आला तर आणखी पंधरा दिवस थांबावे. कच्चे खत कुंडीत घातले तर मुळे भाजल्यासारखी होतात. तयार खतही नुसते वापरू नये, तीन भाग मातीत एक भाग पुरते.

आणि मासे. गोव्यात हा प्रश्न टाळून लिहिणे म्हणजे अर्धेच लिहिणे. माझे मत असे की, फ्लॅटच्या बादलीत माशांची डोकी, आतडी आणि काटे घालू नयेत. माशात नत्र इतके असते की, ते सांभाळायला पाने कित्येक पट लागतात, आणि छोटी बादली रोगजंतू मरण्याइतकी तापत नाही. बाजारातच मासे साफ करून घ्यावेत. जेवणानंतरचे काटे झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि ओला कचरा नेणाऱ्या दिवशी द्यावेत. जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्यामुळे बादलीला सर्वांत कठीण असणाऱ्या काळात हा भार थोडा हलकाच असतो. सुंगटांच्या कवचांचे तेच करावे. करवंटी तर वर्षभरातही कुजत नाही, ती बंबात किंवा चुलीत जावी. शिजवलेला भात मूठभर चालतो, पण तेलकट भाजी आणि लोणचे नको.

सोसायटीच्या कमिटीला माझे एवढेच सांगणे आहे. मार्चमध्ये आपल्या आवारातली पाने गोळा करून मागच्या बाजूला पेटवली जातात, आणि जुलैत त्याच इमारतीतली माणसे कोकोपीटची वीट शोधत फिरतात. 2016 च्या घनकचऱ्याच्या नियमांतही असे उघड्यावर जाळण्याला मनाई होती. झाडूवाल्याला त्या कामाचे थोडे पैसे जास्त द्यावेत, पाने पार्किंगच्या छपराखाली पोत्यांत भरून ठेवावीत आणि ज्या घराला लागतील त्याने घेऊन जावीत. येत्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे, आणि पोती माझ्याकडून देईन.